कॅनमधला आकडा आणि सडातला आजार

गोव्यातल्या सत्तरीत, पेडण्यात किंवा सांग्यात दूध संस्थेवर कॅन पोचला की फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, काढून दर लागतो. दुधातल्या सोमॅटिक पेशी या हिशेबात सहसा नसतात. त्यामुळे कासेत महिनोन्‌महिने मुरलेला सुप्त कासदाह शेतकऱ्याला दिसतच नाही. दूध पांढरेशुभ्र, कास मऊ, गाय चारा खाते. फक्त धार थोडी कमी झालेली आणि एसएनएफ किंचित उतरलेला.

या पेशी बहुतांशी गाईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीच असतात. सडाच्या तोंडातून जंतू आत शिरले की त्या कासेत धावून येतात. निरोगी कासेच्या दुधात त्या मिलिलिटरला १ लाखाच्या आत असतात. २ लाखांच्या वर गेल्या की एखाद्या सडात संसर्ग आहे असे धरून चालावे.

मोजणी सुरू झाली ती मात्र गाईसाठी नव्हे, दूध पिणाऱ्यांसाठी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शहरांत दुधात पू आहे का, ही काळजी होती. १९१० मध्ये प्रेस्कॉट आणि ब्रीड यांनी थेट सूक्ष्मदर्शकाची रीत मांडली. ०.०१ मिलिलिटर दूध काचेवर १ चौरस सेंटिमीटरवर पसरायचे, वाळवायचे, मिथिलिन ब्लूने रंगवायचे आणि पेशी मोजायच्या. भिंगाखाली दिसणारे वर्तुळ ०.२०५ मिलिमीटर व्यासाचे असेल, तर प्रत्येक वर्तुळात सरासरी एक पेशी म्हणजे मिलिलिटरला सुमारे ३ लाख. रीत खात्रीची, पण एका नमुन्याला वेळ फार. सगळ्या कळपाचे दूध असे तपासणे शक्यच नव्हते.

ही तपासणी गोठ्यात आणली १९५७ मध्ये शाल्म आणि नूरलँडर यांच्या कॅलिफोर्निया कासदाह चाचणीने. चार खणांची थाळी, प्रत्येक सडाला एक खण. पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्यायच्या, मग खणात दोन-तीन मिलिलिटर दूध आणि तेवढेच द्रावण घालून थाळी गोल फिरवायची. द्रावणातल्या डिटर्जंटने पेशी फुटतात, त्यांतला डीएनए बाहेर येतो आणि दूध शेंबडासारखे घट्ट होते. निकाल वीस सेकंदांच्या आत वाचावा. नंतर घट्टपणा विरतो आणि आजारी सड निरोगी वाटतो. नुकत्याच व्यालेल्या गाईच्या पहिल्या आठवड्यातल्या निकालावर भरवसा ठेवू नये. आटत आलेल्या गाईतही आकडा थोडा वर जातो.

सत्तरच्या दशकात पेशी रंगवून यंत्राने मोजण्याची सोय झाली आणि परदेशातल्या डेअऱ्या प्रत्येक कळपाचा आकडा नियमित मागू लागल्या. युरोपात ४ लाखांची मर्यादा आली, अमेरिकेत साडेसात लाखांची. पण एकत्र दुधाचा आकडा कुठे बोट ठेवायचे ते सांगत नाही. इथेच बरेच जण फसतात.

पाच गाईंचे दोन गोठे घेऊ. प्रत्येक गाय १० लिटर देते आणि दोन्हीकडे एकत्र दुधात ४.४ लाख पेशी आहेत. पहिल्या गोठ्यात चार गाई १ लाखावर आणि एक १८ लाखांवर आहे. ती बाजूला काढली की कॅन लगेच १ लाखावर येतो. त्या गाईचे चार सड सारखेच दूध देत असतील, तर तीन सड १ लाखावर आणि चौथा ६९ लाखांवर असू शकतो. म्हणजे अख्ख्या गोठ्याचा आकडा एका सडाने बिघडवला. दुसऱ्या गोठ्यात गाई १, ४, ५, ६ आणि ६ लाखांवर आहेत. इथे एखाद्या गाईला दोष देऊन भागणार नाही. संसर्ग धारा काढणाऱ्याच्या हातातून, धार काढायच्या यंत्राच्या सडावर बसणाऱ्या रबरी लायनरमधून किंवा सगळ्या कासांना फिरवलेल्या एकाच फडक्यातून पसरतो आहे.

पावसाळ्यात आणखी एक घोळ होतो. ओल्या, शेणाने भरलेल्या जमिनीवरून ई. कोलायसारखे जंतू सडात जातात, कास एकदम सुजते आणि आकडा कोटीच्या घरात चढतो. पण ते दूध पाण्यासारखे पातळ दिसते म्हणून कॅनमध्ये जातच नाही, आणि जंतू हटले की आकडाही उतरतो. कॅनचा आकडा महिनोन्‌महिने वर राहिला, तर संशय आधी स्टॅफिलोकोकस ऑरियसवर घ्यावा. तो कासेच्या आत गाठी करून बसतो आणि पेशींचा आकडा कमीजास्त होत राहतो. म्हणून एका तपासणीत गाय सुटली तरी ती बरी झाली असे समजू नये. महिन्याच्या अंतराने पुन्हा थाळी लावावी.

संशयित सडाचे दूध निर्जंतुक बाटलीत घेऊन पशुवैद्यकांकडून जंतूंची तपासणी करून घ्यावी आणि औषध त्यानंतरच ठरवावे. तोवर त्या गाईची धार सगळ्यांत शेवटी काढावी, प्रत्येक कासेला स्वतंत्र फडके वापरावे आणि धार संपताच चारही सड आयोडिनच्या द्रावणात बुडवावेत. जुना संसर्ग धरून बसलेल्या गाईला भाकड काळात सडात औषध सोडणे दुभत्या काळातल्या उपचारापेक्षा जास्त लागू पडते, कारण औषध धारेबरोबर बाहेर निघून जात नाही.