भविष्य निर्वाह निधीचा मासिक भरणा

भविष्य निर्वाह निधीचा मासिक भरणा : कामगाराच्या वेतनातून कापलेली आणि मालकाने स्वतः द्यावयाची वर्गणी दरमहा हिशेब करून कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे जमा करण्याची प्रक्रिया. हे काम पगारपत्रक पाहणारा लिपिक करतो. कारखान्यांत ते बहुधा टाइम ऑफिसकडे असते. आधार 1952 चा अधिनियम आणि त्याखालील योजना.

वर्गणीच्या दरांचा उगम मनोरंजक आहे. आरंभीचा दर 6.25 टक्के, म्हणजे रुपयामागे बरोबर एक आणा. दशमान नाणी त्यानंतर, 1957 मध्ये आली. पुढे दर वाढत 1997 मध्ये बहुतेक आस्थापनांसाठी 12 टक्के झाला. मालकाच्या हिश्श्यातून निवृत्तिवेतन योजनेकडे (1995) जाणारे 8.33 टक्के म्हणजे एक-द्वादशांश, वर्षाला एका महिन्याचे वेतन. हाच हेतू मनात धरून तो आकडा ठरला की तेव्हाच्या एका प्रचलित वर्गणी दरावरून तो आला, याबद्दल दोन्ही अर्थ लावता येतात. दुसरा अधिक संभाव्य वाटतो.

वर्गणी कोणत्या वेतनावर, हा जुना वाद आहे. मूळ वेतन व महागाई भत्ता निश्चित धरतात, घरभाडे भत्ता वगळतात. ‘विशेष भत्ता’ अशा नावाने मूळ वेतन कमी दाखवण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2019 च्या निकालात रोखली : सर्वांना सरसकट मिळणारा भत्ता वर्गणीस पात्र. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मधील व्याख्येनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर जास्तीचा भाग वेतनात मिळवावा लागतो.

हिशेब हजेरीपासून सुरू होतो. समजा, एका कामगाराचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 14,000 रुपये, घरभाडे 4,000. जूनमध्ये 3 दिवस बिनपगारी. 27 दिवसांचे वर्गणीपात्र वेतन 12,600 होते. त्याच्याकडून 12 टक्के, म्हणजे 1,512 कापतात. मालकाचेही 1,512, पैकी 8.33 टक्के म्हणजे 1,050 (रुपयात पूर्ण करून) निवृत्तिवेतनाकडे आणि उरलेले 462 निधीत. 3.67 टक्के वेगळे काढू नयेत. वजाबाकीच करावी, नाहीतर पूर्णांक करताना बेरीज रुपयाने चुकते. ठेव-संलग्न विम्याचे 0.5 टक्के (63 रुपये) व प्रशासन खर्चाचे 0.5 टक्के, आस्थापनेमागे किमान 500, मालकच देतो. विवरणाच्या फाइलीत या कामगाराची ओळ अशी जाते; `UAN` च्या जागी सदस्याचा बारा आकडी क्रमांक येतो, आणि नावानंतर क्रमाने घरभाड्यासह 27 दिवसांचे एकूण वेतन, निधी, निवृत्तिवेतन व विमा यांसाठीचे वेतन, वरील तीन रकमा, बिनपगारी दिवस आणि परत केलेली उचल :

```
UAN#~#NAME#~#16200#~#12600#~#12600#~#12600#~#1512#~#1050#~#462#~#3#~#0
```

सर्वांत चिवट चूक निवृत्तिवेतनाच्या रकान्यात होते. या भागाला 15,000 वेतनाची मर्यादा आहे, म्हणून तो 1,250 हून वाढत नाही. पण 1 सप्टेंबर 2014 नंतर प्रथमच सदस्य झालेला आणि तेव्हाच 15,000 हून जास्त वेतन असलेला कर्मचारी या योजनेत येतच नाही. त्याचा रकाना शून्य, आणि मालकाचे सर्व 12 टक्के निधीत. सवयीने 1,250 भरले तरी फाइल बहुधा बिनतक्रार स्वीकारली जाते. चूक उघडते ती वर्षांनी, कर्मचारी पैसे काढायला जातो तेव्हा. 58 वर्षे पूर्ण झालेल्यांचेही तसेच. म्हणून नव्या माणसाचे जुने सदस्यत्व व रुजू होतानाचे वेतन पहिल्याच महिन्यात तपासावे.

कपात विसरली तर पुढच्या पगारातून मनाने वसूल करता येत नाही : योजनेच्या परिच्छेद 32 प्रमाणे कपात त्याच काळाच्या वेतनातून करायची, आणि लिपिकाच्या नजरचुकीने ती राहिली असल्यास निरीक्षकाची लेखी संमती लागते. मालकाचा हिस्सा तर कामगाराच्या वेतनातून कधीच घेता येत नाही.

मुदत महिना संपल्यावर 15 दिवस. जूनच्या वेतनाचे पैसे 15 जुलैपर्यंत. पूर्वी 5 दिवसांची सवलत होती, ती 2016 मध्ये गेली. हा महिना वेतनाचा की पगार प्रत्यक्ष दिल्याचा, यावर प्राप्तिकराच्या प्रकरणांत मतभेद झाले. संघटना वेतनाचाच धरते आणि लिपिकानेही तोच धरावा. 1,00,000 रुपये 10 दिवस उशिरा भरल्यास 12 टक्के वार्षिक दराने सुमारे 329 रुपये व्याज. नुकसानभरपाई जून 2024 पासून दर महिना किंवा त्याच्या भागास 1 टक्का, म्हणजे 1,000. खरा फटका मात्र प्राप्तिकरात बसतो : 1961 च्या प्राप्तिकर अधिनियमाखाली, 12 ऑक्टोबर 2022 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार कर्मचाऱ्यांचा हिस्सा एक दिवस उशिरा भरला तरी त्याची वजावट मालकाला कायमची गमवावी लागते. कापून न भरणे हा फौजदारी विश्वासघात मानला जातो. चलान तयार होणे म्हणजे भरणा नव्हे; बँकेची पावती आल्यावर, तिच्यावरील तारीख पाहूनच तो महिना बंद करतात.