घर मुलांच्या नावावर करायचे आहे: बक्षीसपत्र की मृत्युपत्र?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घर मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर करायचे म्हणून आमच्याकडे येणारे बहुतेक जण एकच वाक्य ऐकून आलेले असतात: ‘बक्षीसपत्र दोनशे रुपयांत होते.’ ते वाक्य चुकीचे नाही, पण अर्धे आहे. त्या दोनशे रुपयांच्या नादात स्वतःचे राहते, एकुलते एक घर हयातीतच देऊन टाकणारे लोक आम्हाला भेटतात, आणि तेव्हा आम्ही त्यांना थांबवतो. का थांबवतो, ते या पत्रकात सांगितले आहे. सगळे दर महाराष्ट्रातले आहेत आणि उदाहरण नाशिक महापालिका हद्दीतल्या फ्लॅटचे आहे.

आधी मूळ फरक

बक्षीसपत्राची नोंदणी झाली की घर त्याच दिवशी मुलाचे होते. मृत्युपत्राने घर तुमच्या पश्चात मुलाचे होते. तोवर तुम्ही ते विकू शकता, भाड्याने देऊ शकता, गहाण ठेवू शकता आणि मृत्युपत्र कितीही वेळा बदलू शकता. शेवटचे मृत्युपत्र खरे धरले जाते.

बक्षीसपत्र मात्र मन बदलले म्हणून रद्द होत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 126 नुसार, दोघांनी आधी ठरवलेली आणि देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसलेली एखादी घटना घडली तरच ते रद्द होऊ शकते. नाहीतर फसवणूक किंवा जबरदस्ती कोर्टात सिद्ध करावी लागते. मुलाने पुढे ते घर विकले, त्यावर कर्ज काढले किंवा त्याच्या धंद्याच्या थकबाकीपोटी घरावर जप्ती आली, तर ‘घर माझ्या कष्टाचे आहे’ हे सांगून उपयोग होत नाही. मुलगा चांगला आहे हे आम्हालाही मान्य असते. पण त्याचे घेणेकरी कोण असतील आणि आयुष्यात पुढे काय वळण येईल, हे कोणाच्याच हातात नसते.

दोनशे रुपये कोणाला, आणि वर काय लागते

बक्षीसपत्रावर एरवी विक्रीखताच्याच दराने मुद्रांक शुल्क लागते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद 34 मध्ये 2015 पासून सवलत आहे: राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर शुल्क फक्त 200 रुपये. भाऊ-बहीण या यादीत नाहीत; त्यांना 3 टक्के लागतात. दुकानाचा गाळा मुलाला दिला तरी 3 टक्केच, कारण सवलत राहत्या घराची आहे.

या 200 रुपयांवर स्थानिक संस्थेचा अधिभार वेगळा भरावा लागतो आणि तो घराच्या बाजारमूल्यावर मोजला जातो. नाशिक महापालिका हद्दीत तो 1 टक्का आहे. मेट्रो असलेल्या काही शहरांत तो याहून जास्त बसतो. बाजारमूल्य म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे येणारी किंमत. तुम्ही कागदावर लिहाल ती नव्हे.

आणखी एक गोष्ट अगदी नेहमी घडते. आईवडील म्हणतात, ‘मुलाबरोबर सुनेचेही नाव घाला, तिला वाईट वाटेल.’ भावना चांगली आहे. पण सून (मुलगा हयात असताना) त्या यादीत नाही. तिच्या वाट्याच्या निम्म्या घरावर विक्रीखताचा दर लागतो. शिवाय सासू-सासऱ्यांनी सुनेला दिलेल्या घराचे भाडे आयकरात देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते. सज्ञान मुलाला किंवा मुलीला दिले तर तसे होत नाही. म्हणून आमचा सल्ला असा: हयातीत द्यायचेच असेल तर मुलाला द्या आणि सुनेसाठी मृत्युपत्रात तरतूद करा. मृत्युपत्रावर शुल्कच नाही, त्यामुळे तिथे नाते पाहिले जात नाही.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू

समजा, 70 वर्षांच्या एका बाईंचा नाशिकमध्ये फ्लॅट आहे. यजमान नाहीत. फ्लॅट त्यांच्या एकटीच्या नावावर आहे आणि तो त्यांनी 2004 मध्ये सर्व खर्चासह 9 लाखांना घेतलेला आहे. आज रेडी रेकनरप्रमाणे किंमत 50 लाख येते. मुलगी नाशिकमध्येच असते, आईचे सगळे तीच पाहते. मुलगा परगावी आहे. घर मुलीला द्यायचे आहे.

बक्षीसपत्र केले तर 200 रुपये मुद्रांक शुल्क आणि 50,000 रुपये अधिभार असे 50,200 रुपये लागतील. नोंदणी फी, पानांचे हाताळणी शुल्क आणि आमची फी यात धरलेली नाही. मृत्युपत्र केले तर मुद्रांक शुल्क शून्य. ते साध्या कागदावरही चालते. पुढे बाईंच्या पश्चात घर मुलीच्या नावावर होतानाही मृत्युपत्रामुळे मुद्रांक शुल्क लागत नाही.

आता आयकर. आईकडून मुलीला बक्षीस मिळालेले घर मुलीच्या हातात करपात्र नाही, आणि मृत्युपत्राने मिळालेलेही नाही. देणाऱ्या आईलाही भांडवली नफ्याचा कर लागत नाही, कारण तिने काही विकलेले नाही. थोडक्यात, देताना कर दोन्हीकडे शून्य.

कर येतो तो मुलगी घर विकेल तेव्हा, आणि इथे सगळ्यात मोठी गफलत होते. समजा तिने फ्लॅट 54 लाखांना विकला. बक्षीसपत्रात 50 लाख किंमत लिहिलेली आहे म्हणून ती 4 लाखच नफा दाखवते. हे चुकीचे आहे. कायदा आईची खरेदी किंमत, म्हणजे 9 लाख, धरतो. नफा 45 लाख. सध्याच्या 12.5 टक्के दराने कर 5,62,500 रुपये आणि त्यावर 4 टक्के उपकर 22,500, म्हणजे एकूण 5,85,000 रुपये. मुलीने 4 लाख नफा दाखवून 52,000 रुपयेच भरले तर उरलेली रक्कम व्याजासह मागणारी नोटीस येते. घर किती काळ जवळ होते हेही आईच्या 2004 च्या खरेदीपासून मोजतात, त्यामुळे बक्षीस मिळाल्यावर लगेच विकले तरी नफा दीर्घ मुदतीचाच ठरतो.

मृत्युपत्राने मिळाले असते तरी हाच हिशोब आला असता, रुपयाचाही फरक नाही. म्हणून कर वाचवण्यासाठी बक्षीसपत्र करायचे, असे कोणी सांगितले तर त्याला तपशील विचारा. आणि आईच्या खरेदीखताची मूळ प्रत व शुल्काच्या पावत्या मुलीने जपून ठेवाव्यात. 9 लाख सिद्ध करायचे काम पुढे तिलाच आहे. घर 1 एप्रिल 2001 पूर्वीचे असेल तर त्या दिवशीचे बाजारमूल्य धरता येते, त्यासाठी मूल्यांकन अहवाल लागतो.

या बाईंना आम्ही मृत्युपत्र सुचवू. हे त्यांचे एकच घर आहे, आणि 50,000 रुपये भरून स्वतःचा हक्क सोडण्याचे कारण दिसत नाही.

मग बक्षीसपत्र कधी?

तुम्हाला राहायला दुसरे घर आहे, हे घर ज्या मुलाला द्यायचे तोच तिथे राहतो, त्याला त्यावर दुरुस्तीसाठी कर्ज हवे आहे, किंवा पश्चात भावंडांत वाद होईल अशी खरीच भीती आहे, तर बक्षीसपत्र योग्य. हयातीत तुम्ही स्वतः निबंधकांसमोर अंगठा आणि फोटो देऊन केलेला व्यवहार मागाहून मोडणे, मृत्युपत्राला आव्हान देण्यापेक्षा अवघड असते.

राहते घर देणारच असाल तर दोन गोष्टी कागदावर आल्याच पाहिजेत. पहिली, तुम्ही (आणि तुमचा जोडीदार) त्या घरात तहहयात राहाल. असा हक्क राखून केलेले बक्षीसपत्र वैध असते. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये तसे म्हटले आहे. दुसरी, घेणारा तुमच्या गरजा आणि औषधपाणी पाहील. ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा 2007 च्या कलम 23 नुसार ही अट मोडली तर न्यायाधिकरणाकडे बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. पण अट लिहिलेलीच नसेल तर ती होती हे सिद्ध करताना वर्षे जातात. ‘लिहायला कसेतरी वाटते’ असे बरेच जण म्हणतात. आम्ही तरीही लिहितो.

बक्षीसपत्राला दोन साक्षीदार, तुमची सही, घेणाऱ्याचा हयातीतला स्वीकार आणि नोंदणी हे सगळे अनिवार्य आहे. सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी करावी. मुलगा परदेशात असेल तर स्वीकारासाठी त्याचे कुलमुखत्यारपत्र आधी मागवा. घरावर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती लागते.

मृत्युपत्र कुठे अडकते

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते याचा अर्थ ते कसेही चालते असा नाही. तुमची सही दोन साक्षीदारांसमोर झाली पाहिजे आणि त्यांनी तुमच्यासमोर सही केली पाहिजे. वाद झाला तर यातल्या एका तरी साक्षीदाराला कोर्टात यावे लागते, म्हणून साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान आणि सहज सापडणारे घ्या. ज्याला घर मिळणार त्याला साक्षीदार करू नका. मजकूर सांगायलाही तो शेजारी बसलेला नको. नोंदणी ऐच्छिक आहे, पण आम्ही ती करून घेतो, आणि त्याच दिवशीचा डॉक्टरांचा ‘मानसिक स्थिती उत्तम’ असा दाखला सोबत जोडतो. एका मुलाला वगळत असाल तर कारण दोन ओळींत, शांत शब्दांत लिहा.

सोसायटीत नॉमिनी केलेला आहे, तेवढे पुरे, असे समजू नका. नॉमिनी मालक होत नाही. वारस निश्चित होईपर्यंत सोसायटी त्याला तात्पुरता सभासद करते. मृत्युपत्र आणि नॉमिनेशनवर एकच नाव असेल तर पुढचे काम सोपे जाते. मृत्युपत्रच नसेल तर हिंदू पुरुषाच्या पश्चात पत्नी, सर्व मुलगे-मुली आणि हयात असल्यास आई यांना सारखा वाटा जातो, मग तुमच्या मनात काहीही असो.

घर वडिलोपार्जित असेल तर मृत्युपत्राने तुम्ही फक्त स्वतःचा हिस्सा देऊ शकता, आणि वाटणी झालेली नसेल तर बक्षीसपत्राने तोही इतर हिस्सेदारांच्या संमतीशिवाय देता येत नाही. आणि घर पती-पत्नी दोघांच्या नावावर असेल तर एकाच्या सहीने पूर्ण घर जात नाही.

भेटीला येताना काय आणावे

खरेदीखत आणि सूची क्रमांक 2, सोसायटीचा भाग दाखला, चालू वर्षाची घरपट्टीची पावती, बंगला असेल तर मिळकत पत्रिका, कर्ज असल्यास बँकेचे खाते उतारे, आणि दोघांचे आधार व पॅन. पहिल्या भेटीला शक्यतो तुम्ही एकटे या. घर घेणाऱ्या मुलाला किंवा मुलीला आम्ही दुसऱ्या भेटीला बोलावतो.