निळ्या टिकांवर टांगलेला दिवस

नुकताच साखरपुडा झालेली एक तरुणी उदाहरण म्हणून डोळ्यांसमोर आणू. ती कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका कर सल्लागाराच्या कार्यालयात काम करते आणि तिचा होणारा नवरा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत शिफ्ट सुपरवायझर आहे. सकाळी कार्यालयात पोहोचल्यावर ती त्याला मेसेज करते. कधी त्याचे उत्तर पाच मिनिटांत येते, कधी चहाच्या सुट्टीत येते, आणि वितळलेले लोखंड साच्यांत ओतण्याचे काम चालू असेल त्या दिवशी शिफ्ट संपेपर्यंत येत नाही. उत्तर लवकर आले तर तिचा दिवस छान जातो, सहकाऱ्यांशी गप्पा होतात आणि रिटर्न भरण्याचे काम भराभर उरकते. उत्तर आले नाही तर जेवणाचा डबा तसाच परत जातो, आकडे चुकतात आणि संध्याकाळी मैत्रिणींनी रंकाळ्यावर बोलावले तरी तिचे पाऊल घराबाहेर पडत नाही. आदल्या रात्री तो प्रेमाने तासभर बोलला होता, याचा दुसऱ्या दिवशी काहीच उपयोग होत नाही.

अशा मुलीला लोक सहज ‘हळवी’ म्हणतात, किंवा तिचे त्याच्यावर फार प्रेम आहे असे म्हणतात. मला ही दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी वाटतात, कारण तिच्या मनाचे चढउतार प्रेमाच्या प्रमाणापेक्षा लक्ष मिळण्याच्या अनियमिततेशी अधिक जोडलेले आहेत, आणि अनियमित मोबदल्याला मेंदू कसा प्रतिसाद देतो याविषयी विज्ञानाला बरेच काही ठाऊक आहे.

चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कबुतरे चोचीने एक कळ दाबत आणि त्यांना दाणे मिळत. दर वेळी दाणा मिळण्याची सवय झालेले कबूतर, दाणे बंद झाल्यावर तुलनेने लवकर थांबते. ज्याला कधी तिसऱ्या टोचीला, तर कधी तिसाव्या टोचीला दाणा मिळत आला आहे, ते मात्र दाणे पूर्ण बंद झाल्यावरही कितीतरी वेळ टोचत राहते, कारण रिकामी गेलेली टोच त्याच्यासाठी नेहमीचीच असते. पुढे वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामिन स्रवणाऱ्या पेशींचे निरीक्षण केले. अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की या पेशी जोराने सक्रिय होत. रसाआधी दिसणाऱ्या खुणेची ओळख पटली की त्या रसाऐवजी खुणेलाच प्रतिसाद देत, आणि अपेक्षित क्षणी रस आला नाही तर त्यांची क्रिया नेहमीच्या पातळीच्याही खाली जात असे. म्हणजे या पेशी मुख्यतः अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक नोंदवतात. २००३ मध्ये त्यांच्याच गटाने दाखवले, की रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते तेव्हा खूण दिसल्यापासून रस मिळेपर्यंतच्या काळात या पेशींची क्रिया सर्वांत जास्त वाढत जाते.

प्राण्यांवरच्या प्रयोगांतून माणसांच्या नात्यांविषयी थेट निष्कर्ष काढता येत नाही. तरीही फोनवरची निळी टिक ही त्या मुलीसाठी अशीच एक खूण झालेली असते, हे समजून घेतले तर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. मेसेज वाचला गेला आहे, उत्तर येईल किंवा येणार नाही, आणि या अधांतरी अवस्थेत तिचे सारे लक्ष त्या पडद्याला चिकटून राहते. उत्तर आल्यावर वाटणारा आनंद बराचसा सुटकेचा असतो, म्हणूनच तो फार काळ टिकत नाही.

खरी गुंतागुंत इथून पुढे सुरू होते. अकरा वाजेपर्यंत उत्तर आले नाही की ती विचारते, “रागावलास का?” दुपारी तो लिहितो, “अगं, लाइन चालू होती, फोन लॉकरमध्ये होता.” तिला हायसे वाटते, पण तासाभरात नवी शंका येते, की आपण विचारले म्हणून त्याने तसे म्हटले असेल. मग ती पुन्हा विचारते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन यांनी १९७६ मध्ये नैराश्याच्या संदर्भात हेच चक्र मांडले होते: खात्री मागितली जाते, समोरचा ती देतो, मागणाऱ्याला ती खरी वाटत नाही, म्हणून तो पुन्हा मागतो, आणि हळूहळू समोरचा खरोखरच वैतागून अंतर ठेवू लागतो. ज्या दुराव्याची भीती असते, तो अशा रीतीने भीतीमुळेच निर्माण होऊ शकतो.

जोडीदारावर विसंबणे हाच दोष आहे, असा अर्थ यातून कोणी काढू नये. जेम्स कोन यांनी २००६ मध्ये सोळा विवाहित स्त्रियांना, विजेचा सौम्य झटका बसू शकेल असे सांगून, मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवले. पतीचा हात हातात असताना धोक्याला मिळणारा मेंदूचा प्रतिसाद कमी झाला, आणि ज्यांचे वैवाहिक नाते अधिक चांगले होते त्यांच्यात तो अधिक कमी झाला. जवळच्या माणसामुळे शांत होणे हा आपल्या शरीराचा सामान्य धर्म आहे. त्रास तेव्हा होतो, जेव्हा शांत होण्याचा तो एकच मार्ग उरतो आणि स्वतःची किंमतही त्याच एका मार्गाने ठरू लागते.

आपण या चक्रात आहोत का, हे साध्या नोंदींवरून पाहता येते. विचारपूस करण्याआधीची अस्वस्थता शून्य ते दहा या मापात लिहावी, उत्तर आल्याबरोबर पुन्हा लिहावी आणि दोन तासांनी तिसऱ्यांदा लिहावी. समजा, आपल्या उदाहरणातल्या मुलीची नोंद आठ, दोन आणि पुन्हा सात अशी येते. उत्तराने जे दिले ते दोन तासही पुरले नाही, हे त्या तीन आकड्यांत तिला स्पष्ट दिसते. यानंतर फोन तपासण्याची इच्छा झाल्यावर ती आधी दहा मिनिटे, मग अर्धा तास पुढे ढकलायची आणि त्या वेळात हातातले काम चालू ठेवायचे, अशी पद्धत चिंतेवरील वर्तनोपचारात वापरली जाते. सुरुवातीला अस्वस्थता वाढते. ती पुढे उत्तराशिवायही उतरते, हे स्वतः अनुभवणे हाच या उपचाराचा गाभा आहे. अस्वस्थता अनेक आठवडे टिकली, झोप आणि भूक बिघडली किंवा कशातच रस उरला नाही, तर नैराश्याची शक्यता तपासून घ्यावी लागते. त्यासाठी टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

जोडीदाराने करण्यासारखे एक काम आहे, आणि ते जास्त मेसेज पाठवण्याचे नव्हे. शिफ्टच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोन करीन, त्याआधी उत्तराची वाट पाहू नकोस, एवढे ठरवून त्याने ते पाळले तर अनिश्चितता बरीच कमी होते. ब्रूक फीनी यांच्या २००७ मधील अभ्यासात, ज्यांच्या जोडीदारांनी त्यांचे विसंबून राहणे स्वीकारले, ती माणसे सहा महिन्यांनी अधिक स्वावलंबी आढळली. मात्र काही नात्यांत अबोला हा शिक्षा म्हणून वापरला जातो, आणि तिथे मुलीने स्वतःच्या अस्वस्थतेवर कितीही काम केले तरी अनियमितता तशीच राहते, कारण ती मुद्दाम राखलेली असते. ठरावीक वेळेची मागणी केल्यावर काय घडते, यावरून हा फरक बऱ्याचदा कळतो: कामात अडकलेला माणूस वेळ सुचवतो आणि चुकला तर कारण सांगतो, तर नियंत्रण ठेवू पाहणारा त्या मागणीवरच चिडतो, पुढचे काही दिवस आणखी गप्प राहतो आणि तिने माफी मागितल्यावरच बोलू लागतो.