पाठदुखी सांगणं वेगळं, खुर्ची मागणं वेगळं

महापेतल्या एका ऑफिसात मी ॲडमिनचं काम बघते. खुर्च्या, एसी, लॉकर, गाडीचे पास, सगळं आमच्या टेबलावरून जातं. खुर्चीसाठी येणाऱ्या मेसेजांमध्ये एकच गोंधळ मला सतत दिसतो आणि आता त्याचा कंटाळा आलाय. व्हॉट्सॲपवर बोलल्यासारखा लिहिलेला मेसेज घ्यायचा, वर "महोदय" आणि खाली "ही नम्र विनंती" लावायची, की झाला अर्ज, असं लोकांना वाटतं. तसा अर्ज होत नाही.

नेहमी येतो तसा एक मेसेज बघा:

"दादा पाठ पार गेली माझी 😖 या खुर्चीवर बसवत नाही दिवसभर. मागे पण सांगितलेलं. काहीतरी चांगली खुर्ची बघा ना प्लीज, नाहीतर सुट्टीच टाकावी लागेल."

आणि हाच मेसेज "नीट" लिहून पाठवायला सांगितलं की येतो तो असा:

"आदरणीय महोदय, मला गेल्या काही दिवसांपासून पाठीचा तीव्र त्रास होत असून मी अत्यंत वेदनेत काम करत आहे. घोडबंदर रोडवरील प्रवासामुळे त्रासात अधिकच भर पडत आहे. सोबत एमआरआयचा रिपोर्ट जोडत आहे. तरी माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती."

भाषा सुधारली, इमोजी गेला, "दादा"चे "महोदय" झाले. हे फरक वरवरचे आहेत. "दादा" व्हॉट्सॲपवर चालतं, मेलमध्ये "नमस्कार" पुरतं. "आदरणीय" तर मला नकोच. "द्या" ऐवजी "मिळेल का" किंवा "मिळावी" लिहावं. भाषेचं एवढंच.

खरी अडचण अशी की दोन्ही मेसेज पाठीबद्दल आहेत. पाठ डॉक्टरांकडे जाते, माझ्याकडे खुर्ची येते. हा दुसरा मजकूर वाचून मला कळत नाही की कुठल्या मजल्यावर, कुठल्या जागेवर जायचं, खुर्चीत काय बिघडलंय, दुरुस्ती करायची की बदलायची, खर्चाला मंजुरी कोणाची. म्हणजे मी उलट पाच प्रश्न विचारणार, त्यांची उत्तरं दोन दिवसांनी येणार, आणि तोवर माणूस त्याच खुर्चीवर बसलेला. "योग्य ती कार्यवाही" लिहिणाऱ्याने योग्य काय ते ठरवायचं काम माझ्यावर टाकलेलं असतं, आणि मी त्याच्या खुर्चीवर कधी बसलेलीही नसते.

म्हणून माझी कसोटी एकच आहे. मेल वाचून ॲडमिनला एकही प्रश्न उलट न विचारता कारागीर पाठवता आला किंवा खरेदीच्या मागणीचा इंडेंट भरता आला, तर ती विनंती. नाहीतर ती तक्रारच, कितीही नम्र असली तरी.

आता ही कसोटी पार करायची तर लिहायच्या आधी पाच मिनिटं खुर्चीकडेच बघावं लागतं. लोक नेमकं इथे चुकतात. "एर्गोनॉमिक चेअर हवी" एवढंच लिहिलं तर उत्तर येतं की आहे तीच एर्गोनॉमिक आहे, आणि पुष्कळदा खरेदीच्या कागदावर ती तशीच नोंदलेली असते. वाद तिथेच संपतो. त्यापेक्षा काय बिघडलंय ते लिहा.

आधी खुर्चीची सीट पूर्ण वर घ्या आणि बसा. थोड्या वेळात ती आपोआप खाली गेली, तर सीटखालचा गॅस सिलिंडर गेलाय. कारागीर त्याला हायड्रॉलिक म्हणतात. तो भरून मिळत नाही, बदलतात, आणि बदलायला अर्धा तासही लागत नाही. यासाठी नवीन खुर्ची मागितलीत तर मंजुरीत आठवडे जातील. सिलिंडर मागितला तर बहुतेक दुरुस्तीच्या खर्चातच भागतं.

मग कंबर पार मागे टेकवून बसा आणि सीटची पुढची कड व गुडघ्याची मागची बाजू यांच्यात बोटं घालून बघा. दोन-तीन बोटं बसायला हवीत. एकही जात नसेल तर सीट तुमच्यासाठी खोल आहे. उंचीने कमी असणाऱ्यांना हा त्रास फार होतो. गुडघ्यामागे कड टोचते म्हणून माणूस पुढे सरकतो, पाठ टेकतच नाही, आणि मग कंबरेच्या आधाराची कितीही भारी खुर्ची आणली तरी तो आधार हवेतच राहतो. अशा वेळी सीट पुढे-मागे सरकणारी खुर्ची मागायची. ती नसेल तर पाठीशी चांगली कडक उशी लावूनही सीटची खोली कमी होते.

तिसरी गोष्ट पायांची. आपल्याकडच्या ऑफिसांतली टेबलं साधारण 72 ते 75 सेंटीमीटर उंच असतात आणि बहुतेक वर-खाली होत नाहीत. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईने कोपर टेबलाच्या पातळीला येईल इतकी खुर्ची उचलली की तिचे पाय चार बोटं वर लटकतात. खुर्ची खाली घेतली तर पाय टेकतात, पण खांदे कानाशी येतात. या बाईला नव्या खुर्चीने काहीच फरक पडणार नाही. तिला फूटरेस्ट हवाय, आणि तो खुर्चीपेक्षा खूप स्वस्त आणि लवकर मिळणारा. खुर्ची बदलून दिल्यावर महिन्याने "अजून दुखतंय" म्हणून परत आलेल्या तक्रारींत मी हे अनेकदा पाहिलंय.

वरचा मेसेज ज्या जागेवरून आला, तिथे खुर्ची खाली जातेय, कंबरेचा आधार एका जागी पक्का आहे आणि पाय लटकतात, असं धरू. मग मेल असा लिहावा:

विषय: खुर्ची व फूटरेस्ट मिळण्याबाबत, तिसरा मजला, जागा क्र. 47

"नमस्कार,

माझ्या जागेवरची खुर्ची वर घेतली तरी दहा मिनिटांत आपोआप खाली जाते. तिच्या पाठीचा आधार वर-खाली करता येत नाही आणि तो माझ्या कंबरेच्या वर, पाठीच्या मध्यावर येतो. टेबलाच्या उंचीला बसल्यावर माझे पाय जमिनीला टेकत नाहीत.

मला सध्या कंबरदुखी आहे आणि डॉक्टरांनी कंबरेला आधार देणारी खुर्ची वापरायला सांगितले आहे. लागल्यास त्यांचे पत्र एचआरकडे देईन.

यासाठी उंची व कंबरेचा आधार दोन्ही कमी-जास्त करता येणारी खुर्ची आणि एक फूटरेस्ट मिळेल का? स्टोअरमध्ये अशी खुर्ची असेल तर वापरलेलीही चालेल. याबाबत मी 4 तारखेला तोंडी बोलले होते. 18 तारखेपर्यंत व्यवस्था होऊ शकेल का, ते कळवावे. तोपर्यंत छोट्या मीटिंग रूममधली एक खुर्ची वापरायची परवानगी मिळावी.

माझ्या मॅनेजरना मेलमध्ये घेतले आहे. खुर्ची बघायची असल्यास मी रोज 11 नंतर जागेवर असते.

धन्यवाद."

यात दुखण्याला एक परिच्छेद मिळालाय, तोही दोन वाक्यांचा, आणि माझ्या मते तेवढंच योग्य आहे. कारण सांगायलाच हवं, नाहीतर ही नुसती हौस वाटते. पण आजाराचं नाव, मणक्यांचे आकडे, एमआरआयची फाइल यांतलं काही ॲडमिनकडे येऊ नये. तो मेल पुढे व्हेंडरला जातो, स्टोअरला जातो, कधी कधी तसाच्या तसा ग्रुपवर पडतो. तुमचा रिपोर्ट इतक्या लोकांनी वाचायची काहीच गरज नसते. कागद मागितलाच तर एचआरला द्या.

घोडबंदरचे खड्डे मी मुद्दाम काढून टाकले. ते खरेच आहेत, पण खुर्चीच्या अर्जात प्रवास आणला की मंजुरी देणाऱ्याला आयतं उत्तर मिळतं, पाठ प्रवासाने दुखते, खुर्चीचा काय संबंध? घरची गादी, ट्रान्स हार्बर लोकलची गर्दी, बाळाला उचलणं, हे सगळं डॉक्टरांना सांगायचं.

"नाहीतर सुट्टी टाकेन" या धमकीची जागा तारखेने घेतली. तारीख नसलेली विनंती आमच्याकडे तळाला जाते, कारण वर तारीखवाल्या असतात. आणि मीटिंग रूमच्या खुर्चीचं वाक्य मला या मेलमधलं सगळ्यात कामाचं वाटतं. खरेदीला कोटेशन, मंजुरी, डिलिव्हरी असं सगळं लागतं. तात्पुरत्या खुर्चीला मात्र माझा एक "हो" पुरतो. दुखणाऱ्या माणसाला त्याच दुपारी बरं बसता यावं, तर हेच मागायला हवं. लोक का मागत नाहीत, मला अजून कळलेलं नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. ऑनलाइन बघितलेल्या महागड्या खुर्चीची लिंक पाठवू नका. बहुतेक ऑफिसांत खरेदी ठरलेल्या व्हेंडरकडून, ठरलेल्या दराने होते. लिंक पाठवली की चर्चा किमतीवर जाते आणि गरज बाजूला राहते. काय काय कमी-जास्त करता यायला हवं ते लिहा. ब्रँड आमच्यावर सोडा.

तीन कामाच्या दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच मेलवर एक ओळ टाका, नवीन मेल सुरू करू नका, नाहीतर आधीच्या तारखा हरवतात. आणि खुर्ची आली की पहिल्याच आठवड्यात बोटांची तपासणी परत करा, कंबरेचा आधार पॅन्टच्या पट्ट्याच्या थोडा वर येतो का बघा. जमत नसेल तर लगेच कळवा. सुरुवातीच्या दिवसांत व्हेंडर सहसा बदलून देतो. वापर होऊन डाग पडले, चाकं घासली, की तो हात वर करतो.