‘ऊन’वाल्या वाक्यात ‘मी’ दिसलाच पाहिजे का?

“‘काम संपवून’ असं वाक्य सुरू केलं, तर पुढे ‘मी’ यायलाच हवा ना? ‘मला’ आलं की वाक्य चुकलं, असं आम्ही ऐकत आलोय.”

नाही. रूप जुळायला नको, माणूस जुळायला हवा. खानापूरकडची बाई म्हणते, “भात लावून मला कणकण आली.” लावणाऱ्याला आणि कणकण येणाऱ्याला शोधा; दोन्हीकडे तीच. वाक्य चोख आहे.

आता हे बघा: “काम संपवून पाऊस सुरू झाला.” संपवलं कुणी? पावसाने नव्हे. इथे कर्ता खरोखर तुटला. “काम संपल्यावर पाऊस सुरू झाला” म्हटलं की बसतं, कारण ‘ल्यावर’ला वेगळा कर्ता चालतो.

मात्र “पाऊस पडून रस्त्यावर चिखल झाला” बरोबरच आहे, कर्ते दोन असूनही. पडणं कुणी ठरवून केलेलं नाही आणि चिखल त्याचाच परिणाम. ‘संपवून’मध्ये करणारा लागतो, ‘पडून’मध्ये नाही. “आजोबांना जाऊन दहा वर्षं झाली” हेही असंच. तिथे ‘जाऊन’ काळ मोजतं. बेळगावात रोज बोलली जाणारी अशी वाक्यं मुलांच्या वहीत लाल शाईने खोडू नका.