सदिच्छापत्र आणि तडजोडपत्र: दिलगिरीच्या दोन कागदांमधला फरक

सेवेत गडबड झाली आणि ग्राहकाचे नुकसान झाले, की छोट्या व्यावसायिकाला दोन गोष्टी एकदम साधायच्या असतात. मनापासून दिलगिरी व्यक्त करून काही रक्कम द्यायची असते, पण नुकसानीची कायदेशीर जबाबदारी लिहून द्यायची नसते. यासाठी दोन वेगळी पत्रे आहेत. सदिच्छापत्र लगेच, कोणतीही अट न घालता पाठवतात. तडजोडपत्र वाद उभा राहिल्यावर, तो मिटवण्यासाठी पाठवतात. दोन्हींत दिलगिरी असते, रक्कम असते आणि 'याचा अर्थ जबाबदारी मान्य केली असा नाही' अशा आशयाचे वाक्य असते. त्यामुळे बहुतेक जण दोन्हींतला मजकूर एकाच पत्रात कालवतात, आणि ते पत्र ना ग्राहकाला शांत करते, ना व्यावसायिकाला वाचवते.

एक उदाहरण धरून चालू. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राची सर्व्हिस १० तारखेला ठरली होती. माणूस १२ तारखेला सकाळी आला, त्याने फिल्टर बदलला आणि तो गेला. दोन दिवसांच्या उशिराबद्दल कोणी कळवले नव्हते. त्या रात्री सिंकखालच्या जोडातून पाणी गळले, कपाटाचे प्लाय फुगले आणि शेजारच्या खोलीतली लाकडी फरशी भिजली. जोड नीट आवळला गेला नाही, की जुनी नळीच चिरली होती, हे अजून कोणालाच ठाऊक नाही.

इथे घडलेल्या गोष्टी दोन आहेत आणि त्या वेगळ्या ठेवल्या तरच पत्र नीट जमते. उशीर झाला हे निर्विवाद आहे. ग्राहकाकडे ठरलेल्या तारखेचा मेसेज आहे, तुमच्या वहीत नोंद आहे. ते मान्य न करून काहीच वाचत नाही, उलट पुढच्या प्रत्येक वाक्यावरचा विश्वास जातो. गळती झाली हेही खरे आहे, पण ती का झाली हे ठरायचे आहे. म्हणून उशिराबद्दल सरळ माफी मागायची, गळतीमुळे झालेल्या त्रासाबद्दल वाईट वाटते असे म्हणायचे आणि कारणाबद्दल फक्त तपास चालू आहे इतकेच लिहायचे. मराठीत हा फरक शब्दांतूनच दाखवता येतो. 'माफी' आपल्या हातून घडलेल्या गोष्टीची मागतात. 'वाईट वाटते' किंवा 'दिलगीर आहोत' हे दुसऱ्याच्या त्रासाबद्दलही म्हणता येते.

पहिला कागद: सदिच्छापत्र

या प्रसंगाचे सदिच्छापत्र साधारण असे होईल:

> आपली सर्व्हिस १० तारखेला ठरली होती. आमचा माणूस १२ तारखेला आला आणि उशीर होणार हे आम्ही आपल्याला कळवले नाही. याबद्दल मी आपली माफी मागतो.
>
> त्याच रात्री सिंकखाली पाणी गळून आपले कपाट आणि फरशी भिजली, आपल्याला रात्रभर पाणी उपसावे लागले, याचे मला फार वाईट वाटते. गळतीचे कारण अजून निश्चित झालेले नाही. काढलेला जोड आणि नळी आम्ही जपून ठेवली आहे. तपासणीत जे आढळेल ते १८ तारखेपर्यंत आपल्याला लेखी कळवू.
>
> सर्व्हिसचे पूर्ण शुल्क आज आपल्या खात्यात परत केले आहे. त्याशिवाय तेवढीच रक्कम सदिच्छा म्हणून पाठवली आहे. आपल्याला सोसाव्या लागलेल्या त्रासाची ही दखल आहे. गळतीला कोण जबाबदार, याचा निष्कर्ष तिच्यातून काढू नये. ती स्वीकारल्याने आपला कोणताही हक्क कमी होत नाही.

शुल्काची परतफेड आणि सदिच्छेची रक्कम वेगवेगळी लिहिली आहे, कारण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न मिळालेल्या किंवा सदोष सेवेचे पैसे परत मिळणे हा अनेक ठिकाणी ग्राहकाचा कायदेशीर हक्कच असतो. जे देणे लागतो त्यालाच सदिच्छा म्हटले, तर ग्राहकाची दिशाभूल होते आणि जाणत्या ग्राहकाच्या ते लगेच लक्षात येते. सदिच्छा म्हणजे त्या वरचे काहीतरी.

सदिच्छेच्या रकमेला अट नको. 'ही रक्कम स्वीकारल्यास आपली कोणतीही तक्रार उरली नाही असे मानले जाईल' हे वाक्य पहिल्याच पत्रात घालणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्या एका वाक्याने दिलगिरीचा सौदा होतो. ज्याला अजून सुताराकडून अंदाजपत्रकही मिळालेले नाही अशा ग्राहकाला ते वाचून आपल्याला घाईत गुंडाळले जात आहे असेच वाटते, आणि तो वकिलाकडे जातो. रक्कम मोठी असेल तर 'पुढे नुकसानीपोटी काही ठरल्यास ही रक्कम त्यात धरली जाईल' एवढे लिहावे. छोट्या रकमेसाठी तेही टाळावे, असे माझे मत आहे.

बँकेतून पैसे पाठवताना तपशिलाच्या रकान्यात 'नुकसानभरपाई' लिहू नये, 'सदिच्छा रक्कम' लिहावे. पत्रात एक आणि बँकेच्या नोंदीत दुसरे, अशी विसंगती नंतर अडचणीची ठरते.

दुसरा कागद: तडजोडपत्र

समजा, तपासणीत काही ठामपणे निघाले नाही. ग्राहकाने कपाट आणि फरशीच्या दुरुस्तीचा पूर्ण खर्च मागितला आणि तुम्हाला तो सगळा मान्य नाही. आता वाद आहे. तडजोडपत्राची वेळ आता आली.

या पत्राच्या माथ्यावर 'हक्क अबाधित ठेवून' किंवा इंग्रजी प्रथेप्रमाणे 'विदाउट प्रेज्युडिस' लिहितात. तडजोडीच्या बोलणीत जे देऊ केले ते पुढे न्यायालयात कबुली म्हणून वापरले जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. अनेक देशांच्या कायद्यात ही कल्पना आहे. भारतात ती पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम २३ मध्ये होती, आता २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २१ मध्ये आहे. दिवाणी प्रकरणात, पुरावा म्हणून वापरू नये अशा स्पष्ट अटीवर दिलेली किंवा तसे उभयपक्षी ठरले होते असा निष्कर्ष निघावा अशा परिस्थितीत दिलेली कबुली तिथे ग्राह्य धरत नाहीत. अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयांत पुराव्याच्या नियम क्रमांक ४०८ चा रोख हाच आहे.

पत्राच्या मजकुरात सहा गोष्टी लागतात: कोणत्या तारखेची कोणती घटना, किती रक्कम, ती कशी आणि किती दिवसांत देणार, जबाबदारी मान्य केलेली नाही हे वाक्य, या रकमेत नेमकी कोणती मागणी मिटते, आणि प्रस्ताव कोणत्या तारखेपर्यंत खुला आहे. यातली पाचवी गोष्ट बहुतेक वेळा ढिसाळ लिहिली जाते. 'सर्व तक्रारी मिटल्या' असे न लिहिता '१२ तारखेच्या गळतीमुळे कपाट आणि फरशीला झालेल्या नुकसानीबाबतची मागणी मिटली' असे लिहावे. ग्राहकही त्यावर निर्धास्तपणे सही करतो आणि पुढे अर्थावरून भांडण होत नाही. इथे ग्राहक काही सोडून देत असतो, म्हणून दोघांची सही हवी, आणि सही झाल्यावरच पैसे द्यावेत. सदिच्छापत्रात हे नेमके उलटे असते: पैसे आधी जातात आणि सही कोणीच मागत नाही.

माथ्यावरचा शिक्का पहिल्या पत्रावर मारला तर

'हक्क अबाधित' हा शिक्का सुरक्षित वाटतो, म्हणून पुष्कळ जण तो दिलगिरीच्या पहिल्याच पत्रावर मारतात. पण हे संरक्षण वाद मिटवण्याच्या खऱ्या प्रयत्नासाठी आहे. वादच उभा नसताना नुसत्या शीर्षकाने ते मिळेल याची खात्री नाही. शिवाय त्याची दुसरी बाजूही आहे. उद्या ग्राहक तक्रार आयोगात 'यांनी माझी दखलच घेतली नाही' असे म्हणाला, तर तुम्ही तिसऱ्या दिवशी माफी मागितली होती आणि पैसेही परत केले होते, हे दाखवायला हेच पत्र लागेल. ते स्वतःच गोपनीय बोलण्यांत टाकले असेल तर पुढे करणे अवघड होते. सदिच्छापत्र म्हणूनच उघडे ठेवायचे आणि न्यायाधीशाने वाचले तरी चालेल असेच लिहायचे.

मग उघड्या पत्रातली माफीच कबुली ठरणार नाही का? काही ठिकाणी कायद्यानेच याचे उत्तर दिले आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ च्या भरपाई कायद्याच्या कलम २ नुसार माफी किंवा काही देऊ करणे एवढ्यानेच निष्काळजीपणाची कबुली होत नाही. त्यातला 'एवढ्यानेच' हा शब्द महत्त्वाचा, कारण माफीशेजारी लिहिलेली 'जोड ढिला राहिला होता' यासारखी माहिती त्या शब्दाच्या आडोशाला येईलच असे नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा २००६ चाच माफी कायदा पुढे जातो आणि माफीत चूक मान्य केली असली तरी तिला संरक्षण देतो. असा कायदा नसेल तिथे शब्दांवरच सारी भिस्त असते, म्हणून कारण माहीत नसताना कारण लिहायचे नाही हा नियम सगळीकडे पाळावा.

'आमच्या निष्काळजीपणामुळे', 'सर्व नुकसान आम्ही भरून देऊ', 'पुन्हा असे होणार नाही याची हमी' ही वाक्ये भावनेच्या भरात जातात आणि तिन्ही महागात पडतात. उलट टोकाला 'आपली काही गैरसोय झाली असल्यास क्षमस्व' हे वाक्य आहे. फरशी फुगलेल्या माणसाला 'झाली असल्यास' म्हणणे हा अपमान आहे. त्यातून कायदेशीर बचावही काही मिळत नाही, कारण गैरसोय झाली हे मान्य केल्याने गळतीचे कारण मान्य होत नाही.

पत्राआधीचे दोन फोन

पहिला विमा कंपनीला. दायित्व विम्याच्या पॉलिसीत बहुधा अशी अट असते, की कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य करू नये आणि पैसे देऊ करू नयेत. तुम्ही चांगल्या मनाने पाठवलेली रक्कमसुद्धा या अटीचा भंग ठरू शकते आणि फरशीचा मोठा दावा नाकारला जाऊ शकतो. वरचा सदिच्छापत्राचा मजकूर त्यांना पाठवून लेखी होकार घ्यावा. होकाराला वेळ लागणार असेल, तर रकमेचा परिच्छेद गाळून माफी आणि तपासाची तारीख एवढाच मजकूर, तोही त्यांना दाखवून, आधी पाठवावा.

दुसरा फोन सर्व्हिसला गेलेल्या माणसाला. मालक पत्रातला शब्द न शब्द तोलत असतो आणि तोवर त्या माणसाने ग्राहकाला व्हॉट्सअॅपवर लिहिलेले असते, 'सॉरी मॅडम, जोड माझ्याकडूनच ढिला राहिला असणार.' त्याला खोटे बोलायला सांगायचे नाही, ग्राहकाला पाठवलेले मेसेज पुसायलाही सांगायचे नाही. ग्राहकाचा फोन आला तर वाईट वाटले हे सांगावे, बाकीचे मालक बोलतील असे म्हणावे, आणि काम करताना काय काय केले ते आठवते आहे तोवर आपल्याला लिहून द्यावे, एवढेच सांगायचे. जोड आणि नळी फेकू नये, काढण्याआधीचे आणि नंतरचे फोटो ठेवावेत. पत्रात १८ तारखेचे वचन दिले आहे, आणि ते पाळायला हेच हाती असेल.

गळतीच्या पाण्यावर घसरून कोणाला इजा झाली असेल, तर मात्र यातले कोणतेच पत्र स्वतः लिहू नये. त्या दिवशी भेटून विचारपूस करावी, आणि लेखी जे जायचे ते विमा कंपनी आणि वकील यांच्या हातून जाऊ द्यावे.