परीक्षाकोठडी आणि आईला लिहिलेले पत्र (चिंगकालीन चीन)

चिंग राजवटीत (१६४४–१९१२) सरकारी अधिकारपदासाठीच्या प्रांतिक परीक्षेला बसलेला तरुण विद्यार्थी आपल्या परीक्षाकोठडीतून आईला पत्र लिहितो अशी कल्पना केली, तरी ते प्रत्यक्ष कोठडीत बसून लिहिणे जवळजवळ अशक्य होते. आत मिळणारा कागद शिक्क्याचा असे आणि कच्चा मजकूरही उत्तरपत्रिकेसोबत परत द्यावा लागे. लिहिलेला एखादा चिटोरा अंगावर सापडला तर तो कॉपीचा पुरावा ठरे आणि गळ्यात लाकडी खोडा अडकवण्यापर्यंत शिक्षा होई. एका फेरीचे दरवाजे बंद झाले की ती संपेपर्यंत निरोप आत येत नसे, बाहेरही जात नसे. म्हणून असे पत्र दोन फेऱ्यांच्या मधल्या रात्री बिऱ्हाडी, किंवा सगळे संपल्यावर लिहिले जाई.

नानजिंगच्या च्यांगनान परीक्षागृहाचे उदाहरण घेऊ. तेथे भरभराटीच्या काळात वीस हजारांहून अधिक कोठड्या होत्या. दर तीन वर्षांनी, चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्यात परीक्षा होई. विद्यार्थी ८ तारखेला आत जाई, ९ला प्रश्न मिळत, १०ला बाहेर येई. पुन्हा ११ ते १३ आणि १४ ते १६. म्हणजे प्रत्येक फेरीला तीन दिवस नि दोन रात्री.

कोठडी सुमारे एक मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल. दार नाही, समोर आपणच आणलेला मेणकापडी पडदा लावायचा. दोन फळ्या मिळत. दिवसा खालची आसन आणि वरची मेज होई. रात्री वरची काढून खालचीशेजारी बसवायची आणि अंग मुडपून झोपायचे. पाय ताणता येत नसत. गल्लीच्या टोकाला शौचकूप असे आणि त्याच्या शेजारची कोठडी वाट्याला आली, तर सप्टेंबरच्या उकाड्यात तीन दिवस नाक मुठीत धरून लिहावे लागे. पत्रात या कोठडीचा उल्लेख सापडला, तर उत्तरे कशी गेली असतील याचा अंदाज तिथेच येतो.

भूक हा पत्रातला सर्वांत खरा भाग. जेवणाची सोय बहुतेक स्वतःच करावी लागे. विद्यार्थी वेताच्या जाळीदार टोपलीतून वाफवलेले पाव, सुकी केकवजा वडी, तांदूळ, लहान शेगडी आणि कोळसा नेई. झडती घेणारा पाव आणि वड्या कापून आत कागद दडवला आहे का ते पाही. कापलेला पाव दमट हवेत लवकर बिघडतो. त्यामुळे दुसऱ्या रात्रीपर्यंत शिदोरी आंबलेली असणे नवल नव्हे. भात शिजवायचा तर लिहिण्याचा वेळ जातो, शिवाय शेगडीची ठिणगी उत्तरपत्रिकेवर पडायची भीती. मग बरेच जण कोरडे खाऊन राहत. आईला मात्र “पोटभर जेवलो” असेच कळवायचे. आईवडिलांना काळजी लावू नये, हा मुलाचा धर्मच मानला जाई. म्हणून अशा पत्रात न लिहिलेलेही वाचावे लागते.

भीती विषय न येण्याची कमी, चुकीची जास्त असे. पहिल्या फेरीत कन्फ्यूशियस परंपरेतल्या ‘चार ग्रंथां’वर तीन निबंध आणि एक कविता असे; कविता परीक्षेत १७५७च्या सुमारास आली आणि पहिल्या फेरीत नंतर हलवली गेली. कागदावर शाई सांडली, पान सुटले, सम्राटाच्या नावातले निषिद्ध अक्षर लिहिले गेले, किंवा त्याच्या उल्लेखाला नव्या ओळीत वर उचलून जागा दिली नाही, तर उत्तरपत्रिका परीक्षकापर्यंत न जाता बाद होई. अशा विद्यार्थ्यांची नावे बाहेर लावत आणि पुढच्या फेऱ्यांना त्यांना प्रवेश नसे. ही ओळ उचलण्याची सवय पत्रातही दिसते: आईचा उल्लेख आला की लेखक नवी ओळ सुरू करून तो शब्द वर घेतो, आणि स्वतःला “गुडघे टेकून निवेदन करणारा मुलगा” म्हणवतो.

आशा कशावर? उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकले जाई आणि कारकून ती लाल शाईने नकलून काढत, म्हणजे परीक्षकाला अक्षर ओळखू येऊ नये. गरिबाच्या मुलाला यातच मोठा आधार वाटे. पण च्यांगनानसाठी जागा साधारण ११४ असत आणि बसणारे हजारोंनी. शंभरांत एकही निवडला जात नसे. तिसऱ्या फेरीचा लिहिण्याचा दिवस म्हणजे आठव्या महिन्याची पौर्णिमा, घरच्यांनी एकत्र जमून चंद्र पाहण्याचा सण. त्या रात्री मुलगा कोठडीत असे, आणि १६ तारखेनंतरच्या पत्रात हे बहुधा पहिल्या काही ओळींतच येई.

पत्र पोचवायला सरकारी टपाल बराच काळ खासगी लोकांसाठी खुले नव्हते. गावाकडे निघालेला परिचित, किंवा खासगी टपालपेढी, हेच मार्ग. पेढीच्या शुल्काचा काही भाग पत्र घेणाऱ्याकडूनही वसूल होई. आईला वाचता येत नसेल तर दीर किंवा शेजारी मोठ्याने वाचून दाखवी, म्हणून खाजगी दुःख अशा पत्रात मोजूनमापून लिहिलेले आढळते.

निकाल नवव्या महिन्यात लागे. नापास झालेल्याला आपली उत्तरपत्रिका परत मागता येई. तिच्यावर परीक्षकाचा शेरा असे, आणि काही वेळा त्याच्या वाचनाच्या खुणा पहिल्या निबंधाच्या थोड्याच ओळींपर्यंत पोचलेल्या दिसत.